दवाखान्याच्या पेजवर नेमकं बोलतंय कोण? छोट्या दवाखान्यासाठी दोन पानी ब्रँड व्हॉइस गाइड

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका लहान मुलांच्या दवाखान्याची पेजेस माझ्याकडे आली, तेव्हा मी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप शेजारी शेजारी उघडून बसले. तिन्हीकडे त्याच आठवड्यातल्या लसीकरणाबद्दल लिहिलेलं होतं. फेसबुकवर होतं, "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की लसीकरण सुविधा उपलब्ध राहील, तरी लाभ घ्यावा." इन्स्टाग्रामवर, "भिया, बच्चे का टीका मत भूलना!" आणि व्हॉट्सॲपवर एका आईने बाळाला कधी आणू म्हणून सात ओळींचा निरोप पाठवला होता, त्याला उत्तर होतं, "छह बजे आ जाओ."

तिघं वेगवेगळे लिहीत होते. फेसबुक हिशेब बघणारे काका लिहायचे, इन्स्टाग्राम डॉक्टर मॅडमचा कॉलेजात शिकणारा भाचा आणि व्हॉट्सॲप काउंटरवरच्या ताई. वाईट कुणीच लिहीत नव्हतं. पण वाचणारी आई एकच असते. तिला एका दवाखान्यात तीन अनोळखी माणसं भेटत होती आणि ज्यांच्यासाठी ती तिथे जाते त्या डॉक्टर मॅडम कुठेच दिसत नव्हत्या.

हे सगळं एका आवाजात आणायला आम्ही जो कागद केला त्याला धंद्यात ब्रँड व्हॉइस गाइड म्हणतात. काउंटरवर त्याचं नाव "बोलण्याचा कागद" पडलं. मोठ्या कंपन्यांची अशी गाइड पन्नास पन्नास पानांची असतात. दोन-तीन माणसांच्या दवाखान्यात गर्दीच्या वेळी कुणी पन्नास पानं उघडत नाही, म्हणून आमचा कागद दोन पानांचा आहे. तो कसा तयार झाला ते क्रमाने सांगते. तुमचा दवाखाना दातांचा असो की डोळ्यांचा, वाक्यं बदलतील, पण काम याच क्रमाने करा.

आधी जुनं सगळं एका जागी आणा

मागच्या तीन महिन्यांत दवाखान्याच्या नावाने बाहेर गेलेलं प्रत्येक वाक्य गोळा करा. पोस्ट तर हव्यातच, पण कॉमेंटला दिलेली उत्तरं, गूगलवरच्या रिव्ह्यूंना दिलेली उत्तरं, व्हॉट्सॲपचे निरोप आणि दारावर चिकटवलेल्या सूचनेचा फोटोही घ्या. साध्या शीटमध्ये चार रकाने करा : वाक्य, कुठे गेलं, कुणी लिहिलं, कशाबद्दल होतं. पेशंटची नावं आणि नंबर या शीटमध्ये उतरवू नका. ते तुम्हाला लागणारही नाहीत.

आता "कुणी लिहिलं" हा रकाना झाका आणि दवाखान्यातल्याच कुणाला तरी विचारा, यातलं कोणतं कुणाचं? आमच्याकडे ताईंनी जवळपास सगळी बरोबर ओळखली. म्हणजे लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, दवाखान्याचा नाही. ही चाचणी लक्षात ठेवा, शेवटी हीच पुन्हा करायची आहे.

शेवटच्या रकान्यावरून आणखी एक गोष्ट कळते. लिहिण्याचे प्रसंग फार थोडे असतात. वेळ आणि सुट्टी, लस, हंगामी आजार, तक्रार, आणि "बाळाला असं होतंय, काय देऊ?" हा प्रश्न. आमच्याकडे जवळपास सगळं या पाचांत बसलं. गाइड या पाचांसाठीच लिहायचं आहे, म्हणून काम वाटतं तेवढं मोठं नाही.

काउंटरजवळ बसा आणि ऐका

बहुतेक जण इथे चुकतात. ते बसून विशेषणं ठरवतात : आपला आवाज आपुलकीचा, विश्वासार्ह आणि व्यावसायिक असेल. ते कागदावर छान दिसतं, पण संध्याकाळी सात वाजता फोन वाजत असताना ताईंना त्या तीन शब्दांतून एकही वाक्य सुचत नाही.

आवाज तयार करायचा नसतो, तो दवाखान्यात आधीच असतो. तो डॉक्टरांच्या बोलण्यात असतो, कारण लोक त्या बोलण्यासाठीच परत येतात. मी दोन संध्याकाळी बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसले. डॉक्टर मॅडमची आधी परवानगी घेतली, आणि पेशंटबद्दल काहीही न लिहिता फक्त मॅडमची वाक्यं उतरवली. दार अर्धं उघडं असायचं. एक तरुण आई तापलेलं बाळ घेऊन आत गेली. घाबरलेली होती, एकाच दमात सहा गोष्टी विचारत होती. मॅडम म्हणाल्या, "ताप आहे, पण बाळ तुझ्याकडे बघतंय, ते चांगलं आहे. आता दोनच गोष्टी बघ. पाणी पितंय का, आणि लघवी होतेय का. यातलं एक जरी थांबलं तर वाट बघू नकोस, मला फोन कर."

हे बोलणं मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि घरी येऊन त्याचे सांधे मोकळे केले. सुरुवात आईला जे दिसतंय त्यापासून होते. एक दिलासा आहे, पण तो खोटा नाही, त्याला बाळाच्या नजरेचा पुरावा जोडलेला आहे. मग दोनच कामं आहेत, सहा नाहीत. आणि शेवटी मर्यादा आहे, कधी थांबायचं नाही ते. "घाबरू नका" हे शब्द त्यात कुठेही नाहीत. आमच्या गाइडचा पहिला नियम यातूनच निघाला : जे दिसतंय ते आधी, मग जास्तीत जास्त दोन कामं, मग डॉक्टरांना कधी गाठायचं ते. "घाबरू नका" लिहायचं नाही, कारण ते वाचून कुणाची भीती जात नाही. कशाकडे बघायचं ते कळलं की भीती ओसरते.

तुमच्या डॉक्टरांची अशी दहा-बारा वाक्यं मिळाली तर गाइडचा निम्मा भाग झाला म्हणून समजा. ती न सुधारता लिहा. समोर बसलेल्या आईला मॅडम "तू" म्हणतात, पेजवर ते चालणार नाही, तेवढा बदल करायचा. बाकीचं वळण तसंच ठेवायचं.

बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे पक्कं करा

मराठीत हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. आमच्या काकांच्या सूचनांमध्ये सगळीकडे "आपण" होतं. हिंदीतल्या "आप"ची सवय असते म्हणून इंदूरकडच्या मराठीत ते सहज येतं आणि आदराचंही वाटतं. पण मराठीत "आपण" म्हणजे तुम्ही, आणि "आपण" म्हणजे तुम्ही-आम्ही मिळूनही. "उलटी झाल्यास आपण दहा मिनिटांनी पुन्हा पाणी द्यावं" हे वाक्य दवाखान्याबद्दल आहे की घरच्या आईबद्दल? औषधपाण्याच्या मजकुरात असा गोंधळ राहू देता येत नाही. म्हणून मराठीत "तुम्ही", हिंदीत "आप", आणि हिंदीत "तुम" कधीच नाही, असं ठरवलं.

बोलणाऱ्यासाठी आम्ही दोन वाटा केल्या. आजार, लस, खाणंपिणं यांबद्दल लिहिताना डॉक्टर "मी" म्हणून बोलतात आणि खाली त्यांचं नाव असतं. ते मजकूर त्यांनी वाचल्याशिवाय जात नाहीत. वेळ, सुट्टी, नंबर, रिपोर्ट यांबद्दल "आम्ही" असतं आणि ते ताई किंवा काका न विचारता लिहू शकतात. या एका रेघेने रोजची "मॅडमना दाखवू का?" ही विचारणा बंद झाली.

क्रियापदांचंही ठरवून टाका. "लाभ घ्यावा", "संपर्क साधावा", "नोंद घ्यावी" हे सरकारी नोटिशीचं वळण आहे. आमच्या कागदावर "या", "फोन करा", "सोबत आणा" असं आहे. लिहिताना "सांगितलं" की "सांगितले" हेही एकदाच ठरवा. आम्ही बोलण्यातलं, म्हणजे "सांगितलं", घेतलं. दोन्ही बरोबर आहेत, पण एका पोस्टमध्ये दोन्ही आली की दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

आणि "भिया"? भाच्याने त्यासाठी पुष्कळ वाद घातला. शब्द इंदूरचा आहे, प्रेमाचा आहे, चप्पन दुकानपासून राजवाड्यापर्यंत कुणालाही लावता येतो. पण ज्या पेजवर रात्री एखादी आई तापाबद्दल शोधत येते तिथे तो नको, असं माझं मत पडलं आणि मॅडमनाही ते पटलं. रंगपंचमीच्या शुभेच्छांना मात्र मोकळीक ठेवली.

दोन भाषा : भाषांतर नको, दोनदा लिहा

इंदूरमधल्या दवाखान्याला हिंदी टाळता येत नाही. टाळूही नये. पण आपल्याकडे सवय अशी की आधी हिंदीत लिहायचं आणि शब्द बदलून मराठी करायचं. दवाखान्याच्या मजकुरात याने अर्थच फिरतो.

हिंदीत "टीका" म्हणजे लस, मराठीत "टीका" म्हणजे कुणावर केलेली टीका. "नऊ महिन्यांची टीका चुकवू नका" अशी पोस्ट खरंच गेली होती. हे निदान कळतं तरी. "जुलाब" जास्त फसवा आहे. मराठीत बाळाला जुलाब होतात म्हणजे पातळ शी होते. हिंदीत त्याला "दस्त" म्हणतात आणि "जुलाब" म्हणजे पोट साफ व्हायला दिलेलं औषध. "जुलाब में ओआरएस दें" असं मराठी माणसाने हिंदीत लिहिलं तर हिंदी आई थबकते. "सर्दी"चंही तसंच. मराठीत तो आजार, हिंदीत बहुतेक वेळा थंडीचे दिवस, आजाराला "ज़ुकाम". आणि "खाली पेट"चं मराठी "उपाशीपोटी" आहे, "खाली पोट" नव्हे.

म्हणून गाइडच्या दुसऱ्या पानावर शब्दांची एक छोटी जोडयादी ठेवा. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी, आणि दोन्हीकडे काउंटरवर लोक जे बोलतात तेच शब्द. आमच्या यादीत पंचवीसेक जोड्या आहेत. "अपॉइंटमेंट" तिथे नाही, कारण आमच्याकडे येणारे दोन्ही भाषांचे लोक "नंबर" म्हणतात. "प्रिस्क्रिप्शन"ऐवजी मराठीत "डॉक्टरांची चिठ्ठी" आणि हिंदीत "पर्चा". "रुग्ण" आम्ही पूर्ण काढला. लस घ्यायला आलेलं ठणठणीत बाळ रुग्ण नसतं. तिथे "बाळ" किंवा "मूल" लिहितो.

पोस्टमध्ये मराठी वर आणि हिंदी खाली की उलट, हा वाद घालत बसू नका. एक ठरवा आणि कायम ठेवा. एक गोष्ट मात्र बघा. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं "more" खाली जातं. दुसरी भाषा तिथे दडते. त्यामुळे तारीख आणि वेळ चित्रावरच दोन्ही भाषांत घ्या.

तारखेवरून एक नियम सांगते, तो आम्हाला ठेच लागून मिळाला. रंगपंचमीला इंदूरमध्ये गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात, म्हणून दवाखाना बंद ठेवायचा होता. आदल्या दिवशी पोस्ट गेली, "कल क्लिनिक बंद रहेगा." फेसबुक-इन्स्टाग्राम पोस्ट लगेच सगळ्यांना दाखवत नाहीत. बऱ्याच जणांना ती रंगपंचमीच्याच दिवशी दिसली, त्यांनी "कल" म्हणजे दुसरा दिवस धरला आणि दोन घरची माणसं बाळं घेऊन बंद दारापर्यंत आली. तेव्हापासून "आज", "उद्या", "कल" हे शब्द वेळेच्या सूचनेत बंद. वार, तारीख, बंद किती ते किती, आणि पुन्हा कधी उघडणार, एवढं प्रत्येक वेळी.

जिथे थांबायचं ती रेघ

दवाखान्याच्या गाइडमध्ये एक भाग असा असतो जो मिठाईच्या दुकानाच्या गाइडमध्ये नसतो. डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करण्यावर बंधनं आहेत. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारनियम लागू आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले होते, त्यात समाजमाध्यमांबद्दल वेगळा भाग होता, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि 2002 चेच नियम पुन्हा चालू झाले. त्या नियमांत प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे, पुन्हा रुजू झालो, फी अमुक आहे, असं औपचारिकपणे कळवायला मुभा आहे. आरोग्याची माहिती लोकांना स्वतःच्या नावाने देता येते. पेशंट ओढायला स्वतःचं कौतुक करता येत नाही.

हे सगळं कागदावर उतरवू नका, कुणी वाचणार नाही. त्यातून निघणारे शब्द उतरवा. आमच्या पहिल्या पानाच्या तळाला लाल पेनाने लिहिलेलं आहे : "इंदूरमधले सर्वोत्तम", "हमखास", "100 टक्के", "कायमचा बरा", "सवलत फक्त आजपर्यंत" हे कधीच नाही. दुसऱ्या दवाखान्याशी तुलना कधीच नाही. उंची वाढवण्याबद्दल, लठ्ठपणा घालवण्याबद्दल, फिट्स बऱ्या करण्याबद्दल दावा कधीच नाही. हे शेवटचे विषय औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यातल्या यादीत आहेत, आणि लहान मुलांच्या दवाखान्याच्या पेजवर उंचीची पोस्ट टाकायचा मोह कुणाला तरी होतोच. तुमचे डॉक्टर दंतवैद्य किंवा आयुर्वेदाचे असतील तर त्यांच्या परिषदेचे नियम वेगळे आहेत, ते त्यांनाच विचारून यादी करा.

मुलांचे चेहरे आमच्या पेजवर नाहीत. आई-वडिलांची लेखी परवानगी घेऊन टाकता येतात, पण ते मूल मोठं झाल्यावर त्याला ते आवडेल का हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही, म्हणून आम्ही वाटच बंद केली. हात, पाय, खेळणी, वजनकाटा, एवढ्यावर भागतं.

दुसरी रेघ औषधाच्या मापाची. कॉमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न : "ताप 101 आहे, पॅरासिटामॉल किती देऊ?" ताईंना उत्तर पाठ झालेलं असतं, कारण त्या ते दिवसभर ऐकतात. पण ते लिहायचं नाही, आणि का नाही हे त्यांना नीट समजावून सांगा, नुसतं "नाही" म्हणू नका. पॅरासिटामॉलचं माप बाळाच्या वजनावर ठरतं. त्यात बाजारात बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या. एका सिरपच्या 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात 250, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत 1 मिलीमध्येच 100. तुम्ही "एक चमचा" लिहिलंत आणि विचारणाऱ्या आईच्या हातात दुसरी बाटली असली तर माप दुप्पट होतं. थेंबांची असली तर चौपट किंवा त्याच्याही वर जातं. हे ऐकल्यावर ताईंनी तो नियम स्वतःच्या अक्षरात लिहिला.

त्या जागी काय लिहायचं तेही तयार ठेवा. आमचं उत्तर असं आहे : "बाळाचं वजन आणि हातातली बाटली बघितल्याशिवाय माप सांगणं सुरक्षित नाही. दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, बाटली समोर ठेवा. बाळ पाणी घेत नसेल, फार सुस्त असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनची वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा किंवा 108 लावा." मॅडमच्या त्या संध्याकाळच्या बोलण्याचं वळण इथे दिसतं का बघा. आवाज एक आहे म्हणजे हेच.

तक्रारीचं उत्तर : इथे आवाज सगळ्यात आधी फुटतो

शुभेच्छा सगळे गोड लिहितात. गाइड उपयोगाचं आहे की नाही ते एक तारा देऊन लिहिलेल्या रिव्ह्यूवर कळतं. आमच्याकडे आलेला साधारण असा होता : "नंबर असून दोन तास बसवून ठेवलं. मागून आलेल्यांना आधी आत घेतलं. स्टाफला बोलायची रीत नाही."

भाच्याने लगेच उत्तर लिहिलं. नशिबाने पाठवण्याआधी दाखवलं. "सर, आपण मंगळवारी साडेसातला आला होतात. तुमच्या मुलाला फक्त सर्दी होती. त्या वेळी फिट आलेलं बाळ आत होतं. माहिती न घेता असं लिहिणं बरोबर नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. तरीही यात दोन मुलांची माहिती सगळ्या गावाला सांगितली गेली असती. हे गृहस्थ आमच्याकडे आले होते, कधी आले, मुलाला काय होतं, आणि त्याच वेळी आणखी एका बाळाला फिट आली होती. पेशंटबद्दल डॉक्टरांना कळलेली गोष्ट गुप्त ठेवायची असते. पेशंटने स्वतः जाहीर लिहिलं म्हणून दवाखान्याला जाहीर बोलायची मोकळीक मिळत नाही.

यावर आम्ही एक कसोटी बांधली आणि ती गाइडमधली सगळ्यात उपयोगी ओळ ठरली : हेच उत्तर कधीही दवाखान्यात न आलेल्या माणसाला दिलं तरी ते खरं राहील का? राहत नसेल तर त्यात कुणाची तरी खासगी गोष्ट आहे. मग त्या कसोटीवर बसून उत्तर पुन्हा लिहिलं.

"लहान मुलाला घेऊन ताटकळत बसणं फार त्रासाचं असतं. आमच्याकडे जास्त आजारी बाळ आलं तर त्याला नंबर सोडून आधी बघतो, आणि ते बाहेर बसलेल्यांना सांगणं हे आमचं काम आहे. ते झालं नसेल तर चूक आमची. तुमचं म्हणणं डॉक्टरांना स्वतः ऐकायचं आहे. दुपारी 12 ते 2 मध्ये दवाखान्याच्या नंबरवर फोन करा."

यात माफी आहे, पण ती आमच्या कामाबद्दल आहे. नियम काय आहे ते सांगितलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू वाचणाऱ्या पुढच्या दहा जणांनाही कळतं. "ते झालं नसेल तर" या शब्दांनी ते गृहस्थ आले होते की नाही हे उघड होत नाही. आणि पुढचं बोलणं फोनवर गेलं. लांबी चार-पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. उत्तर लांबलं की ते वाद वाटतं. वेळ : त्याच दिवशी, पण वाचल्यापासून एक तास सोडून. तो तास राग उतरायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

ही कसोटी चांगल्या रिव्ह्यूलाही लावा, तिथे जास्त विसरायला होतं. "धन्यवाद! आता बाळाचा दमा कसा आहे?" हे प्रेमाने लिहिलेलं उत्तर मी दुसऱ्या एका दवाखान्याच्या पेजवर पाहिलं आहे. आईने रिव्ह्यूत दम्याचं नावही घेतलं नव्हतं.

त्या तक्रारीनंतर एक गोष्ट पेजच्या बाहेर बदलली. जास्त आजारी बाळ आत घेताना ताई आता बाहेर येऊन मोठ्याने सांगतात, "एक बाळ जास्त आजारी आहे, त्याला आधी घेतोय, साधारण वीस मिनिटं लागतील." हे वाक्यही गाइडमध्ये आहे. पेजवर जे लिहिलं ते काउंटरवर ऐकू आलं नाही तर लोकांना फरक लगेच कळतो.

दोन पानं आणि त्यांची जागा

आता कागद मांडा. पहिल्या पानावर वर डॉक्टरांची तीन-चार खरी वाक्यं, त्याखाली "मी" कुठे आणि "आम्ही" कुठे, तुम्ही-आपणचा नियम, आणि तळाला लाल यादी. दुसऱ्या पानावर पाच प्रसंगांचं प्रत्येकी एक तयार उत्तर, दोन्ही भाषांत, आणि शब्दांची जोडयादी. तयार उत्तरांशेजारी चुकीचं उत्तरही ठेवा, वर रेघ मारून. लोक नियमापेक्षा त्या जोडीवरून लवकर शिकतात.

प्रिंट काढून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तीच उत्तरं "Quick replies" मध्ये घाला, म्हणजे ताईंना फक्त तिरपी रेघ देऊन शब्द टाकावा लागतो. आमच्याकडे हे चार आहेत :

```
/vel
/las
/map
/takrar
```

तयार उत्तर जसंच्या तसं पाठवू नका, त्याच्या आधी समोरच्याने जे विचारलं त्याला धरून एक ओळ स्वतःची लिहा. नाहीतर त्या सात ओळी लिहिणाऱ्या आईला पुन्हा यंत्रासारखंच उत्तर जाईल, फक्त आधीपेक्षा लांब.

महिनाभराने पहिली चाचणी पुन्हा करा. नवी वीस वाक्यं घ्या, नावं झाका, विचारा कुणी लिहिलं. आमच्याकडे ताईंना काकांची ओळखू आली नाहीत, भाच्याची अजून ओळखू येत होती, कारण प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह होतं. कागदावर एक ओळ वाढली : एका पोस्टमध्ये एकच उद्गारचिन्ह, आणि आजाराच्या पोस्टमध्ये एकही नाही.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि पावसाळ्याच्या आधी तो एकदा काढून बघा, कारण तेव्हा जुलाब, ताप आणि डेंग्यूचे प्रश्न एकदम येतात. यंदा तिथे मॅडमनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं : "रिपोर्ट फोटोवर बघून मी काही सांगणार नाही, बाळाला घेऊन या." ते व्हॉट्सॲपवर आता पाचवं उत्तर आहे, `/report`.